न्यूट्रलचा दोन इंचाचा लूप

2011 ची गोष्ट. आयटीआयमधून वायरमन ट्रेड करून मी नुकताच अण्णांच्या हाताखाली लागलो होतो. अण्णा म्हणजे आमच्या सांगोल्याकडचे जुने वायरमन, वय तेव्हा साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी इन्सुलेशन टेपने चिकटवलेली. मला ते कायम बारक्या म्हणायचे. तर एका वस्तीवर नवीन बाथरूम बांधलं होतं, त्यात 15 लिटरचा गिझर लावायचा होता, 2 किलोवॅटचा. अण्णांना दुसरीकडे मोटरचं काम होतं म्हणून त्यांनी मला एकट्याला पाठवलं, पहिल्यांदाच. मी पण छाती फुगवून गेलो.

घर जुनं, वायरिंग जुनं, स्वयंपाकघराच्या बोर्डापर्यंत दोनच वायरी आलेल्या, फेज आणि न्यूट्रल. मीटरपासून गिझरसाठी वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची लाइन ओढली, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा 16 अँपिअरचा एमसीबी टाकला, सॉकेट बसवलं, सगळं झकास. फक्त अर्थची हिरवी वायर संपली. म्हणजे आणलीच कमी होती, मोजताना चूक झाली होती. दुकान बारा किलोमीटरवर, दिवस मावळायला आलेला, घरातली आजी दर पंधरा मिनिटांनी विचारतेय "झालं का रं पोरा, उद्या सकाळी गरम पाण्यानं आंघोळ करायचीय". आणि मला आठवलं की आमच्यातला एक सिनियर पोरगा सॉकेटच्या मागेच न्यूट्रलमधून एक तुकडा काढून अर्थच्या टर्मिनलला जोडायचा. शेवटी न्यूट्रलसुद्धा डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीतच गेलेला असतो ना, मग फरक काय, असं त्याचं लॉजिक. मी तेच केलं, दोन इंचाचा काळा तुकडा. मग टेस्ट लॅम्प घेतला, 100 वॅटचा बल्ब, एक टोक फेजला एक टोक अर्थच्या भोकात, बल्ब लखलखीत पेटला. मालकाला दाखवलं, बघा अर्थिंग एक नंबर. चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी विचारलं, हिरवी किती लागली. मी म्हटलं संपली होती, मग मी असं असं केलं. मला वाटलं शिव्या बसतील. अण्णा काहीच बोलले नाहीत. हातातला चहा तसाच ठेवला, मालकाला फोन लावला, "गिझरला कोणी हात लावू नका, एमसीबी पाडून ठेवा, येतोच", आणि पिशवी उचलून गाडीकडे निघाले. वाटेत पण एक शब्द नाही, आणि अण्णा गप्प असले की मला जास्त भीती वाटायची.

तिथं गेल्यावर सॉकेट उघडलं नाही की माझा लूप काढला नाही. आधी म्हणाले, कालचं तुझं टेस्टिंग दाखव. मी परत बल्ब लावून दाखवला, परत लखलखीत. अण्णा म्हणाले, "बल्बनं काय सांगितलं तुला?" मी म्हटलं अर्थिंग आहे. "नाही. बल्बनं एवढंच सांगितलं की करंटला परत जायला रस्ता आहे. कुठनं जातोय ते त्याला माहीत नाही. तू न्यूट्रलला जोडलंयस तर न्यूट्रलमधनं गेला, पेटणारच."

मग त्यांनी जे केलं ते मला आजपर्यंत तसंच्या तसं दिसतं. बाथरूम रिकामं करायला लावलं, दारात मालकाला उभं केलं, कोणी आत येणार नाही. मेन पाडला. मीटरच्या बोर्डावर गिझरच्या लाइनचा न्यूट्रल स्क्रूमधून सोडवला आणि टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवला. बाहेर, खिडकीच्या खाली, ओल्या जागेत एक लोखंडी खुंटी ठोकली, तिला वायर बांधून खिडकीतून आत घेतली. स्वतः रबरी चप्पल घालून कोरड्या पाटावर उभे राहिले. मग मला मेन आणि गिझर दोन्ही ऑन करायला सांगितलं. गिझरचा इंडिकेटर लागला नाही. नवीन माणूस म्हणेल लाइट गेली किंवा गिझर खराब आहे. अण्णांनी मल्टिमीटरची एक प्रोब गिझरच्या पत्र्यावरच्या स्क्रूला लावली, दुसरी खुंटीच्या वायरला. 228 व्होल्ट.

मी बघतच राहिलो. गिझर नवा कोरा, कॉइल चांगली, कुठं काही कापलेलं नाही, जळलेलं नाही, आणि बॉडीवर पूर्ण फेज. "समजलं का कुठनं आला?" मला समजलं नव्हतं. त्यांनी भिंतीवर पेन्सिलनं काढून दाखवलं. फेज कॉइलमध्ये जातो, कॉइलमधून पलीकडं न्यूट्रलच्या टर्मिनलवर येतो, तिथून मीटरकडं परत जातो. आता मागं कुठंतरी न्यूट्रल तुटला तर परत जायचा रस्ता बंद, पण फेज तर कॉइल ओलांडून न्यूट्रलच्या टर्मिनलपर्यंत आलेलाच असतो, नुसता थांबून राहतो. आणि त्या टर्मिनलवरून तू दोन इंचाचा पूल बांधून त्याला बॉडीवर पाठवलंयस. मग त्यांनी मल्टिमीटर बाजूला ठेवला आणि तोच माझा बल्ब बॉडी आणि खुंटीच्या मध्ये लावला. पेटला. थोडा पिवळट, पण पेटला. "या बल्बच्या जागी आजी उभी आहे असं समज. ओल्या अंगानं, ओल्या फरशीवर."

एमसीबी पडला का? नाही पडला. त्याला पडायचं कारणच नाही, 16 अँपिअरच्या एमसीबीला अर्धा अँपिअर म्हणजे काहीच नाही, त्याला वाटतं कोणीतरी बल्ब लावलाय. आणि ओल्या माणसाच्या अंगातून 230 व्होल्टला साधारण 200 मिलिअँपिअरच्या आसपास जाऊ शकतात, हृदयाची लय बिघडवायला त्यातले थोडेसुद्धा पुरतात.

आणि न्यूट्रल तुटणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही हो. वस्तीवर तर नाहीच. पोलवरचा जंपर गंजतो, मीटरमधला स्क्रू ढिला होऊन काळा पडतो, उंदीर वायर कुरतडतो. लोक म्हणतात "लाइट डिम-फुल होतेय", ती बऱ्याचदा ढिल्या न्यूट्रलची पहिली चाहूल असते. अण्णांनी वर आणखी एक सांगितलं, जे माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं. समजा न्यूट्रल नाही तुटला, पण पोलवर काम करताना कोणाकडून फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झाले. घरात काहीच कळत नाही, बल्ब पेटतो, पंखा फिरतो. पण तुझ्या सॉकेटमधला "न्यूट्रल" आता फेज आहे, त्याच्यावर बटन पण नाही, म्हणजे गिझरचं बटन बंद असलं तरी बॉडीवर थेट फेज. कॉइलची पण मधे आडकाठी नाही.

मेन पाडून माझा तुकडा काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. मला वाटलं आता हिरवी वायर ओढली की काम संपलं. खरं काम तिथून सुरू झालं.

मीटरच्या खाली एक अर्थिंग होतं म्हणजे नावाला होतं, जमिनीतून वर आलेला एक गंजका सळईचा तुकडा आणि त्याला पिळून बांधलेली जीआय वायर. मालक म्हणाले हे बघा की आहे अर्थिंग, घर बांधलं तेव्हाच केलंय. मी उत्साहात परत बल्ब लावला, फेज आणि सळई. पेटला! अण्णा हसले. म्हणाले बल्बवर तुझा लईच जीव आहे. मग ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून अर्थ टेस्टर आणायला मला पिटाळलं.

अर्थ टेस्टर मी आयटीआयमध्ये कपाटात बघितला होता, हातात कधी घेतला नव्हता. पहिली गोष्ट अण्णांनी केली ती म्हणजे मेन पाडून घराकडं जाणारी अर्थची वायर सळईपासून सोडवली. एक तर ती जोडलेली राहिली तर घराचे नळ वगैरे बाकीचे रस्ते पण मापात येतात आणि आकडा खोटाच चांगला दिसतो, दुसरं म्हणजे घरात कुठं लीकेज असेल तर सोडवलेल्या टोकावरच करंट येऊ शकतो, म्हणून मेन आधी पाडायचा. मग सळईपासून एका सरळ रेषेत साधारण 25 मीटरवर एक खुंटी, मधली खुंटी 15 मीटरच्या आसपास. टेस्टर लांबच्या खुंटीतून करंट सोडतो आणि मधल्या खुंटीवर व्होल्टेज मोजतो, त्यावरून सळईचा रेझिस्टन्स दाखवतो. आकडा आल्यावर मधली खुंटी दीड-दोन मीटर पुढे-मागे करून परत बघायचं, आकडा तोच राहिला तर खरा, नाचायला लागला तर खुंट्या जवळ पडल्यात. आमचा आकडा राहिला. 64 ओहम.

अण्णांनी माझ्या वहीत हिशोब करायला लावला. गिझरची कॉइल फुटून फेज थेट बॉडीला टेकला असं धर. करंट बॉडीवरून हिरव्या वायरीनं सळईत, सळईतून जमिनीत, जमिनीतून डीपीच्या अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत. सळईचे 64, डीपीचे धरू 4, झाले 68. 230 भागिले 68, साधारण 3.4 अँपिअर. 16 चा एमसीबी 3.4 ला पडेल का? जन्मात नाही. आणि तोपर्यंत बॉडीवर किती? 3.4 गुणिले 64, जवळजवळ 216 व्होल्ट. म्हणजे हिरवी वायर आहे, टर्मिनल घट्ट आहे, सळई जमिनीत आहे, आणि बॉडीला हात लावला तर 216.

मग बल्ब का पेटला, मी विचारलं. 100 वॅटचा बल्ब पेटलेला असताना स्वतःच 500 ओहमच्या पुढे असतो. त्याच्यापुढे 64 म्हणजे किस झाड की पत्ती, बल्ब जरासा मंद होतो, डोळ्याला कळत पण नाही. हे मी इतकं लांबण लावून लिहितोय कारण आजही बल्ब पेटवून अर्थिंग पास करणारे वायरमन मी रोज बघतो. बल्ब नाही पेटला तर अर्थिंग नाही हे नक्की, पण पेटला तर चांगलं आहे हे त्यावरून ठरत नाही.

आमच्याकडं वरची फूटभर माती सोडली की खाली मुरूम. सळई दोन फूटच गेली होती, त्या मुरमात ओल धरत नाही. मालकाला समजावून खड्डा घ्यायचा ठरला. अर्थिंगचं भारतीय मानक, आयएस 3043, त्यात पाइप अर्थिंगला अडीच मीटरचा पाइप सांगितलाय, तेवढा 40 एमएमचा जीआय पाइप आणला, खाली भोकं पाडलेली. पायापासून दीड मीटर लांब, बाथरूमचं पाणी जिथं जातं त्या बाजूला. मुरमात पहारीनं अडीच मीटर खणणं म्हणजे काय असतं ते माझ्या तळहातांनी दोन दिवस बघितलं. भरायला मुरूम परत टाकू दिला नाही अण्णांनी, मालकाच्या खालच्या रानातली काळी माती एक ट्रॉली आणली, पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर, मग ती माती, थोडी थोडी भिजवत, ठोकत. कोळसा ओल धरतो, मिठानं रेझिस्टन्स पडतो, पण मीठ पावसात हळूहळू धुऊन जातं आणि पाइप पण खातं, म्हणून मीठ म्हणजे कायमचा इलाज नाही असं ते बजावून सांगायचे. वर नरसाळं, विटांचा चौकोन, झाकण. पाइपपासून 8 नंबरची जीआय वायर बोर्डावरच्या अर्थ पट्टीपर्यंत, नटबोल्टनं, पिळून नाही. तिथून गिझरला अडीचची हिरवी.

चार दिवसांनी परत मोजलं. 9 ओहम. मी खूश. अण्णा म्हणाले, कर हिशोब. 9 आणि 4, 13. 230 भागिले 13, साडेसतरा अँपिअर. मी म्हटलं बघा, 16 च्या वर गेला, एमसीबी पडला! "16 चा एमसीबी साडेसतराला पडत नसतो लेका, तासभर तसाच बसू शकतो. पटकन पडायला त्याला पाचपट तरी पाहिजे, आपला सी टाइप तर पाच ते दहापट मागतो." तेवढा करंट अशा पाइपमधून काढायचा तर डीपी धरून सगळा रेझिस्टन्स दोन-अडीच ओहमच्या पण खाली पाहिजे, एका पाइपवर मुरमात ते स्वप्नच. मोठ्या इमारतींना जिथं सप्लायबरोबर अर्थची धातूची वायर थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत मिळते तिथं गोष्ट वेगळी, तिथं करंट मातीतून जायची गरजच नाही, एमसीबी खटकन पडतो. वस्तीवर जमीन हीच वायर.

आता इथं मी जरा चिडलो, खरं सांगतो. दोन दिवस हातांना फोड आणून खणला आणि एमसीबी पडणारच नसेल तर उपयोग काय! अण्णांनी पिशवीतून आरसीसीबी काढला, 30 मिलिअँपिअरचा. हा फेजमधून किती गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला एवढंच बघतो, दोन्हीत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की, खरं तर बऱ्याचदा त्याच्या आधीच, पडतो. एमसीबीला 80 अँपिअर लागतात तिथं याला 0.03 पुरतात. 9 ओहमला 30 मिलिअँपिअर म्हणजे बॉडीवर पाव व्होल्टच्या आसपास असतानाच सप्लाय बंद. अगदी त्या 64 ओहमच्या सळईवर पण दोन व्होल्टच्या आत.

मग मी विचारलेला प्रश्न मला वाटतं प्रत्येक हेल्पर विचारतो. असं आहे तर नुसता आरसीसीबी लावायचा, अर्थिंग कशाला? अण्णा जरा थांबले, मग म्हणाले, "कॉइल आज रात्री फुटली. अर्थिंग नाही. बॉडीवर फेज आला, पण जायला रस्ता नाही, म्हणून करंट नाही, म्हणून फरक नाही. आरसीसीबी निवांत बसलाय. सकाळी आजीनं नळाला हात लावला. आता रस्ता मिळाला. आता पडेल. पण त्याला खबर कोणी दिली? आजीनं दिली. अर्थिंग असतं तर खबर रात्रीच हिरव्या वायरीनं दिली असती."

त्यांनी दुसरी एक गोष्ट करून दाखवली. अर्थची वायर पट्टीवरून सोडवली आणि आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबलं. पडला. परत जोडून दाबलं, पडला. ते बटन आतल्या आत एका रेझिस्टन्समधून फेज-न्यूट्रलमध्येच फरक पाडतं, अर्थिंगला विचारतच नाही. म्हणजे दर महिन्याला बटन दाबून यंत्र जिवंत आहे एवढं कळतं, खड्डा जिवंत आहे का ते नाही कळत.

मजुरी द्यायच्या दिवशी पाइप, कोळसा, आरसीसीबी याचे पैसे मालकांनी दिले, खणण्याची मजुरी अण्णांनी घेतली नाही, म्हणाले आमच्या पोराची चूक होती. ती माझ्या पगारातून तीन हप्त्यांत कापली. हे मला तेव्हा अन्याय वाटलं होतं, कारण सळई तर आधीपासूनच खराब होती ना. अजूनही थोडं वाटतं.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर, थंडी पडायला लागली तेव्हा, त्या मालकांचा पहाटे साडेपाचला फोन. घरातली सगळी लाइट जाते, तो नवीन डबा सारखा पडतोय, त्याला काढून डायरेक्ट करू का? अण्णा फोनवर एवढंच म्हणाले की गिझरची पिन काढा आणि मग उचलून बघा. पिन काढली, आरसीसीबी बसला. पिन घातली, पडला. गेलो. गिझरची पिन मोकळी केली, फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थच्या पिनेशी इन्सुलेशन मोजायच्या 500 व्होल्टच्या मेगरनं मोजलं, काटा जवळजवळ शून्यावर. कॉइल बाहेर काढली. बोअरचं पाणी, वर्षभरात तिच्यावर बोटाएवढा पांढरा थर बसलेला. तो थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, नळी आत तापत राहते, शेवटी चिरते. केसाएवढी चीर होती, थर खरवडल्यावर दिसली. नळीच्या आत तारेभोवती पांढरी पावडर भरलेली असते, इन्सुलेशनची, तिच्यात चिरेतून पाणी गेलं की फेज पाण्यात आणि बॉडीवर.

मी आजींना विचारलं, हाताला काही झिणझिण्या वगैरे आल्या होत्या का. म्हणाल्या, "नाही रं. मी तर गेलेच न्हाई आत, गिझर लावला नि लाइटच गेली."

कॉइल नवीन टाकली, मेगर परत लावला, 100 मेगओहमच्या वर, पिन घातली, आरसीसीबी बसून राहिला. मग अण्णांनी मला अर्थ टेस्टर काढायला सांगितला. मी म्हटलं आत्ताच तर कळलं की खड्डा चालू आहे. "नोव्हेंबरात चालू आहे. आकडा लिहून ठेव, मेमध्ये परत येऊ." आकडा 11 आला. मेमध्ये 23 होता, काळी माती वाळून पाइपपासून सुटली होती, बोट जाईल एवढी फट. दोन बादल्या पाणी नरसाळ्यातून घातलं, फटीत माती ठोकली, आणि आजींना सांगितलं की उन्हाळ्यात धुण्याचं शेवटचं पाणी इथं ओतत जा.